मध्यंतराची पाच मिनिटं

आमच्या शाळेत या वर्षी नव्याने आलेल्या एका सरांकडे मुलांची कबड्डी दिली आहे. परवा मधल्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, "मॅडम, मध्यंतराला मुलांना नेमकं काय बोलायचं असतं?" मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण एका अंतिम सामन्यात मी हे भाषण अगदी चुकीचं केलं होतं. नंतर एकदा ते बऱ्यापैकी जमलं, आणि तेव्हाही एक गोष्ट राहूनच गेली. सरांना तोंडी अर्धवट सांगितलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. मुलींची नावं मुद्दाम देत नाही. मैदानावरची जागा हेच त्यांचं नाव समजा.

मी स्वतः कधी कबड्डी खेळलेली नाही. डी.एड.ला शारीरिक शिक्षणाच्या तासाला आम्ही कवायत केली, लेझीम केली, मैदानं आखली. संघ हरत असताना पाच मिनिटांत काय बोलावं हे मात्र कुठल्याच पाठ टाचणात नव्हतं. शाळेत मी रुजू झाले तेव्हा मुलींचा मोठा गट कोणी घेत नव्हतं म्हणून माझ्याकडे आला. नियम मी मुलींकडूनच शिकले.

आधी चुकीचं भाषण सांगते. बीट स्तराचा अंतिम सामना होता आणि मध्यंतराला आम्ही सहा गुणांनी मागे होतो. मुली धापा टाकत माझ्याकडे आल्या आणि मी सुरू झाले. शाळेचं नाव, गावाचं नाव, आई-वडील शेतातली कामं सोडून आलेत, तुम्ही वाघिणी आहात, मग खेळताय कशा मेल्यासारख्या! हातवारे करून बोलत होते. बोलताना मला स्वतःलाच स्फुरण चढलं होतं, हे आज कबूल करते. पंचांची शिट्टी झाली तेव्हा लक्षात आलं की पाण्याची कळशी तशीच भरलेली आहे. चार मिनिटं मी बोलले आणि एकाही मुलीने पाणी प्यायलं नव्हतं. दुसऱ्या डावात मुली खरंच वाघिणीसारख्या तुटून पडल्या, म्हणजे जी चढाई करणारी येईल तिच्यावर तिघी-तिघी एकदम. कबड्डीत याचा अर्थ एकाच चढाईत तिघी बाद. आम्ही सोळा गुणांनी हरलो. त्या दिवशी मी जिला सगळ्यांसमोर "तू झोपली होतीस का?" म्हणाले होते, ती मुलगी पुढच्या वर्षी सरावाला आलीच नाही. विचारलं तर म्हणाली, "घरी काम असतं." काम आधीही असायचंच.

त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली, ती म्हणजे वही. राखीव मुलींपैकी एक जण चौकटीची वही घेऊन माझ्याशेजारी बसते. प्रत्येक चढाईला एक ओळ लिहायची. कोण गेली, कोणत्या बाजूला गेली, काय झालं. "डावीकडे, बोनस", "उजवीकडे, पकडली", "रिकामी परत". एवढंच. कारण सामना बघताना माझ्या डोक्यात फक्त राग आणि भीती राहते. शेवटची चूक आठवते आणि तीच सगळ्यात मोठी वाटते. वहीला राग येत नाही.

आता दोन वर्षांनंतरचा अंतिम सामना. दहा-दहा मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटं विश्रांती. सगळ्या स्पर्धा एका दिवसात उरकायच्या म्हणून मधले टाइम-आउट दिले जाणार नव्हते, हे सकाळीच सांगितलं होतं. चढाई चालू असताना बाहेरून ओरडून सूचना देणं नियमात बसत नाही. म्हणजे माझ्या हातात होती ती हीच पाच मिनिटं.

पहिला डाव संपला तेव्हा गुणफलक होता आमचे सात, त्यांचे सोळा. आमच्यावर एक लोण चढलं होतं. पालकांसाठी सांगते, सातही जणी बाद झाल्या की समोरच्यांना दोन गुण जास्तीचे मिळतात आणि सगळ्या पुन्हा आत येतात, त्याला लोण म्हणतात. लोणानंतर आमची आणखी एक बाद झाली होती, म्हणजे मैदानात सहा. मध्यंतरानंतर सात जणी नव्याने उतरतात असा पुष्कळ पालकांचा समज असतो. तसं नाही. पहिला डाव संपताना जितक्या आत असतील तितक्यांनीच दुसरा डाव सुरू होतो.

मुली बाहेर येत होत्या तेव्हाच कप्तान डाव्या कोपऱ्यावर ओरडली, "तुझ्यामुळे चाललंय हे सगळं!" डावा कोपरा म्हणजे बचावात डाव्या टोकाला उभी राहणारी मुलगी. सहावीतली, संघात सगळ्यात लहान. ती रडायलाच लागली. मागून कुणाचे तरी काका दोरीपाशी येऊन म्हणत होते, "मॅडम, त्या बारकीला काढा बाहेर." खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं.

पहिलं मिनिट मी काहीच बोलले नाही. मुलींना गोल करून खाली बसवलं, अशा ठिकाणी की गुणफलक आणि काका दोन्ही त्यांच्या पाठीमागे येतील. मीही खाली बसले. मांडी घालून बसलं की आपला आवाज आपोआप खाली येतो, उभं राहिलं की चढतो, हा माझा अनुभव आहे. कप्तानच्या हातात तांब्या दिला आणि म्हटलं, "तू सगळ्यांना दे, हिच्यापासून सुरुवात कर." तिने तोंड वाकडं करून डाव्या कोपऱ्याला पाणी दिलं. मी मुलींच्या खांद्यांकडे बघत होते. धाप लागलेल्या मुलीचे खांदे वरखाली होत असतात. ते थांबेपर्यंत सांगितलेलं काही आत जात नाही, मान मात्र हलते. वर्गातही मुलं "समजलं" म्हणून मान हलवतात तशीच.

तेवढ्या वेळात मी वही बघत होते. दोन्ही संघांच्या मिळून सव्वीस चढाया होत्या. त्यात मला दोन गोष्टी दिसल्या.

पहिली त्यांच्या वेणीवाल्या मुलीची. त्यांच्या सोळापैकी चार गुण बोनसचे होते आणि चारही तिचेच, चारही आमच्या डाव्या कोपऱ्याकडून. बोनस म्हणजे बचावात सहा किंवा सात जणी असताना चढाई करणारीने मागची बोनस रेषा एका पायाने ओलांडायची, तेव्हा दुसरा पाय हवेत हवा. कुणाला शिवावं लागत नाही, नुसत्या पायाने गुण मिळतो. शिवाय डाव्या कोपऱ्याला शिवून ती दोनदा परत गेली होती. त्या दोन्ही वेळा ओळीत लिहिलं होतं, "कोपरा पुढे गेला".

म्हणजे झालं असं होतं. पहिला बोनस गेल्यावर आमच्या मुली ओरडल्या, "बोनस देऊ नको!" म्हणून ही बिचारी तो अडवायला पुढे धावली आणि तिच्या हाताला लागून बाद झाली. मग ओरडल्या, "पुढे जाऊ नको!" म्हणून ही मागे राहिली आणि बोनस गेला. पुन्हा पुढे, पुन्हा बाद. मुलगी झोपलेली नव्हती. तिला उलटसुलट दोन सूचना मिळत होत्या आणि ती दोन्ही प्रामाणिकपणे पाळत होती.

दुसरी गोष्ट आमच्या चढायांची होती. आमच्या सहा जणी चढाईत पकडल्या गेल्या होत्या आणि त्यातल्या पाच एकाच बाजूला, आमच्या उजव्या हाताला. कारण वही बघताक्षणी कळलं आणि मला लाज वाटली. शाळेच्या मैदानात आखणीला लागून डाव्या बाजूला कडुनिंब आहे, त्याची मुळं वर आली आहेत. ठेच लागते म्हणून सरावात मुली तिकडे जातच नाहीत. वर्षभर त्या उजवीकडेच वळायला शिकल्या होत्या. समोरच्या संघाने ते दहा मिनिटांत ओळखलं असणार, मला वर्षभरात कळलं नव्हतं.

दोन गोष्टी आणि उरलेली चार मिनिटं. डी.एड.च्या सराव पाठांना आमच्या एक निरीक्षक बाई असायच्या. त्या पाठ टाचणात दोन उद्दिष्टं दिसली की दुसऱ्यावर लाल काट मारायच्या. त्यांची आठवण झाली. बचावाची गोष्ट तिथल्या तिथे बदलता येण्यासारखी होती. वळायची बाजू ही वर्षभराची सवय, ती चार मिनिटांत सुटणार नाही असं मला वाटलं. उलट चढाईला गेल्यावर पाय अडखळतील, अशी भीती होती. म्हणून पहिली निवडली.

मी विचारलं, "ती वेणीवाली बोनस घेते तेव्हा आपलं काय जातं?"

"गुण."

"किती?"

"एक."

"आणि बोनस घेऊन ती परत जात असताना आपण तिला धरलं तर?"

दोघी-तिघी गप्प. मग कप्तान म्हणाली, "आपल्याला एक."

"म्हणजे त्यांना एक, आपल्याला एक. फरक तोच राहिला. पण ती कुठे गेली?"

"बाहेर."

"आणि आपली बाहेर बसलेली?"

"आत!" हे डावा कोपरा म्हणाली, रडता रडता.

बोनसच्या गुणाने त्यांची बाद मुलगी उठत नाही, पकडीच्या गुणाने आपली उठते. हे त्यांना माहीत होतं, पण सामन्याच्या गडबडीत कुणी असा हिशेब मांडला नव्हता. मग मी डाव्या कोपऱ्याकडे वळले. "ऐक गं. बोनस तिला घेऊ दे. मी सांगते, घेऊ दे. ती मध्ये नाचत असेल तोपर्यंत तू जागेवरून हलायचं नाही. तिने पाय मागे टाकला, की तो पाय तुझा. घोटा धरायचा आणि सोडायचा नाही." मग तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या दोघींना, "हिने घोटा धरला की तुम्ही मध्यरेषेच्या बाजूने झाकायचं. आधी नाही." आणि बाकीच्यांना, "बोनस गेला तर कुणीही ओरडायचं नाही. एक शब्द नाही."

कप्तानला हे पटलं नाही. "मॅडम, नऊनं मागे आहोत आणि बोनस सोडायचा?" प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "सोडायचा नाही, विकायचा. त्याच्या बदल्यात तिला घ्यायचं." ती जराशी हसली. बाकी शाळेचं नाव, गावाचं नाव काही काढलं नाही.

एक मिनिट उरलं होतं. ते मी करून बघण्यात घालवलं. राखीव मुलीला चढाई करणारी केलं, दोरीच्या कडेला तिने पाय टाकला आणि डाव्या कोपऱ्याने घोटा धरला. पहिल्या वेळी ती लवकर हलली. दुसऱ्या वेळी थांबली. तिसऱ्या वेळी राखीव मुलगी धपकन पडली आणि सगळ्या हसल्या. ते हसू माझ्या कोणत्याही वाक्यापेक्षा कामाचं होतं. उठताना कुणीतरी विचारलं, "अजून काही मॅडम?" मी म्हटलं, "अजून एक गोष्ट आहे, पण ती आत्ता नाही."

दुसऱ्या डावाची पहिली चढाई आमची, ती रिकामी परत आली. मग वेणीवाली आली. डावा कोपरा जागेवर. तिने नाचून झालं, पाय टाकला, बोनस मिळाला, आणि घोटा अडकला. दोघींनी मध्यरेषेची बाजू झाकली. सात-सोळाचे आठ-सतरा झाले, आमच्या सात पूर्ण झाल्या आणि वेणीवाली बाहेर बसली. पुढच्या चढाईत आम्ही एक बाद केली. नंतर आमची एक पकडली गेली आणि त्या गुणावर वेणीवाली आत आली, कारण जी आधी बाद तीच आधी उठते. नऊ-अठरा. पण आता ती आली ती वेगळी. बोनसकडे जावं की नाही हे तिलाच ठरवता येईना. तीस सेकंदांतली बरीचशी मध्यरेषेपाशीच गेली आणि घाईत ती आत शिरली. साखळी केलेल्या दोघींनी तिला धरलं.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. आम्ही त्यांच्यावर लोण चढवलं तेव्हा एकोणीस-वीस झालं होतं. माझ्या शेजारच्या वहीवाल्या मुलीने लिहिणं सोडून उड्या मारायला सुरुवात केली होती, त्यामुळे तिथल्या तीन ओळी कोऱ्या आहेत. डाव्या कोपऱ्याने वेणीवालीला त्या डावात तीनदा धरलं. दोरीवरचे काका आता "बारकी, बारकी" म्हणून ओरडत होते.

शेवटी एकवीस-बावीस. वेळ जेमतेम एका चढाईचा. कप्तान गेली. एक गुण आणला तर बरोबरी, दोन आणले तर सामना. ती मध्यरेषा ओलांडून दोन पावलं सरळ गेली आणि वळली उजवीकडे. तिथे त्यांच्या दोघी तिची वाटच बघत होत्या. एकवीस-तेवीस.

परतीच्या टेम्पोत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बिस्किटांचे पुडे फुटले, गाणी सुरू झाली, डाव्या कोपऱ्याची पकड सगळ्यांनी दहा वेळा करून दाखवली. कप्तान माझ्याशेजारी फळीला टेकून बसली होती. गाव जवळ आल्यावर तिने विचारलं, "मॅडम, ती दुसरी गोष्ट काय होती?"

खोटं सांगता आलं असतं. मी वही काढली आणि तिला ओळी दाखवल्या. उजवीकडे, पकडली. उजवीकडे, पकडली. कडुनिंबाचंही सांगितलं. तिने पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मला माहीत नव्हतं मी तिकडेच वळते ते." थोड्या वेळाने म्हणाली, "सगळ्यांना नाही सांगायचं तर नाही. मला एकटीला कानात सांगायचं ना."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. संघाला एकच गोष्ट सांगायची हे मला आजही बरोबर वाटतं. पण मैदानात परत जाताना वीस पावलं ती माझ्या शेजारून चालत होती, आणि ती सातवीतली, चार वर्षं खेळणारी मुलगी होती. तिला ते पेललं असतं की शेवटच्या चढाईला तिचे पाय अडखळले असते, हे मला सांगता येत नाही. नव्या सरांनाही मी हेच सांगितलं. ते म्हणाले, "मग मी काय करू?" मी म्हटलं, "आधी वही घ्या. आणि कळशी भरलेली परत येऊ देऊ नका."

सोमवारी परिपाठानंतर मुलींनी आणि मी जुनी आखणी पुसली. फक्कीची बादली घेऊन कडुनिंबापासून पाच पावलं मोजली आणि तिथून नवं मैदान आखलं. डावा कोपरा दोरी धरून उभी होती. कप्तानने आखणी वाळायचीही वाट पाहिली नाही, मध्यरेषा ओलांडून डावीकडे वळून पाहिलं. पहिल्याच खेपेला पाय मुरगळता मुरगळता वाचला. "मुळं नाहीत तरी पाय आपोआप उचलला जातोय मॅडम," म्हणाली, आणि पुन्हा मध्यरेषेपाशी जाऊन उभी राहिली.